गिऱ्हाईक गप्प, घड्याळ बंद

साताऱ्यातल्या एका चित्रकार मैत्रिणीने टोरोंटोतल्या चहाविक्रेत्यासाठी डब्यांवरची चित्रं काढायचं काम घेतलं होतं. काम एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून मिळालेलं, एकूण तीन टप्प्यांचं. दुसरा टप्पा सहा चित्रांचा आणि ६४० डॉलरचा. पैसे क्लायंटने आधीच एस्क्रोत भरले होते, म्हणजे प्लॅटफॉर्मकडे अनामत ठेवले होते. ३ मार्चला तिने सहाही चित्रांची लिंक चॅटमध्ये टाकली. क्लायंटने अंगठा दाखवला आणि लिहिलं, ‘या वीकेंडला बघतो.’ तो वीकेंड गेला, पुढचाही गेला. तिच्या चार मेसेजांपैकी दोन त्याने वाचलेही नाहीत.

तपासणीची मुदत चौदा दिवसांची आहे, हे तिला माहीत होतं. म्हणून १९ मार्चला तिने सपोर्टला भलंमोठं पत्र लिहिलं. किती रात्री जागून काम केलं, क्लायंट कसा बेजबाबदार आहे, घरभाडं कसं थकलंय, सगळं त्यात होतं. उत्तर दोन ओळींचं आलं : या टप्प्यावर काम सादर झाल्याची नोंद नाही, सादर केल्यावर चौदा दिवसांची मुदत सुरू होईल. तिने काम चॅटमध्ये दिलं होतं, ‘सबमिट’ बटणातून नाही. सोळा दिवस ती ज्या घड्याळाकडे बघत बसली होती, ते सुरूच झालेलं नव्हतं.

त्या प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असा घोळ कुठेही होतो. मात्र क्लायंट गप्प बसला तर पैसे कुणाचे, या प्रश्नाला निरनिराळ्या प्लॅटफॉर्मनी आणि कायद्याने दिलेली उत्तरं एकत्र ठेवून बघावीत असं मला तेव्हापासून वाटत होतं.

सुरुवात एस्क्रोपासूनच करायला हवी, कारण बहुतेक फ्रीलान्सर त्याला आपली तिजोरी समजतात. ती तिजोरी तुमची नाही आणि क्लायंटचीही नाही. तिऱ्हाइताकडे ठेवलेली ती रक्कम आहे आणि त्या तिऱ्हाइताला फक्त लेखी सूचना कळतात. अपवर्कचा एस्क्रो ज्या उपकंपनीमार्फत चालतो, तिला कॅलिफोर्निया राज्याचा इंटरनेट एस्क्रो एजंटचा परवाना आहे. अशा एजंटाला चित्र चांगलं की वाईट हे ठरवायचं नसतं. कोणती अट पुरी झाली की पैसे कुणाकडे जातील, हे करारासोबतच्या एस्क्रो सूचनांमध्ये आधीच लिहिलेलं असतं. क्लायंटने मंजुरी दिली तर पैसे फ्रीलान्सरला. फ्रीलान्सरने परताव्याला होकार दिला तर क्लायंटला. आणि क्लायंट ठरावीक दिवस काहीच बोलला नाही, तर त्याचं मौन ही मंजुरी धरून पैसे फ्रीलान्सरला. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपण लग्नाच्या बोलणीत गमतीने वापरतो, इथे तीच कराराची अट आहे.

ही अट कायद्याच्या दृष्टीने फारशी साधी नाही. १८६२ सालचा इंग्लंडमधला फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा खटला विधीचे विद्यार्थी अजून वाचतात. एका काकाने पुतण्याला पत्र लिहिलं की तुझा घोडा मी तीस पौंड पंधरा शिलिंगांना घेतो. तुझ्याकडून काही कळलं नाही, तर घोडा माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही, पण लिलाव करणाऱ्या बिंडलीला तो घोडा विकू नकोस म्हणून सांगितलं. त्याने चुकून विकला. काकाने दावा लावला आणि तो हरला. माझा प्रस्ताव तू गप्प राहिलास तर मान्य, अशी अट एकतर्फी लादता येत नाही, हे त्या निकालाचं सार.

मग प्लॅटफॉर्मवर मौन संमती कशी ठरते? कारण तिथे ते एकतर्फी नसतं. खातं उघडताना दोघांनीही ती अट मान्य केलेली असते, करार आधीच झालेला असतो. प्रश्न उरतो तो फक्त काम स्वीकारलं की नाही एवढाच. आणि स्वीकाराच्या बाबतीत आपला कायदासुद्धा मौनाला अर्थ देतो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे, खरेदीदाराने माल ठेवून घेतला आणि वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही, तर त्याने तो स्वीकारला असं धरतात. तो कायदा वस्तूंचा. सेवांसाठी जास्त जवळचा आहे तो २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. त्यात ‘मानीव स्वीकृती’ची व्याख्याच दिली आहे : सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा दिवस. अमेरिकी अपवर्कचे चौदा दिवस आणि आपल्या संसदेचे पंधरा. दोघांनी एकमेकांकडे बघून हे आकडे ठरवले असतील असं मुळीच नाही, पण गप्प बसायला दोन आठवडे पुरेत, इथवर दोघेही पोचले.

सगळे प्लॅटफॉर्म मात्र इतके दिवस देत नाहीत आणि काही तर घड्याळच लावत नाहीत. फायव्हरवर काम ‘डिलिव्हर’ केल्यावर खरेदीदाराने तीन दिवसांत काही केलं नाही, तर ऑर्डर आपोआप पूर्ण धरली जाते. मुदत छोटी आहे खरी, पण ऑर्डर पूर्ण झाल्यावरही बहुतेक विक्रेत्यांना पैसे हातात यायला आणखी चौदा दिवस थांबावं लागतं. अपवर्कवर ठोक रकमेच्या कामाला तपासणीचे चौदा दिवस आणि त्यानंतर पाच दिवसांची सुरक्षा मुदत. म्हणजे आतली वाटणी वेगळी असली तरी दोन्हीकडे क्लायंट पूर्ण गप्प राहिला, तर पैशाला साधारण अडीच ते तीन आठवडे लागतात. एस्क्रो डॉट कॉमवर तपासणीचे दिवस व्यवहार करतानाच दोघं मिळून ठरवतात आणि ते संपले की खरेदीदाराने माल स्वीकारला असं धरलं जातं.

वेगळा आहे तो फ्रीलान्सर डॉट कॉम. तिथे माइलस्टोनचे पैसे सोडायचं बटण क्लायंटच्या हातात असतं आणि त्याचं मौन चालत राहिलं म्हणून ते आपोआप दाबलं जात नाही. फ्रीलान्सरने आधी पैसे सोडण्याची विनंती करायची आणि उत्तर नाही आलं तर वाद नोंदवायचा. वादाच्या प्रत्येक टप्प्याला मुदत असते. मुदतीत उत्तर न देणारा हरतो. गोष्ट लवादापर्यंत गेलीच, तर पाच डॉलर किंवा रकमेच्या पाच टक्के, यातलं जे जास्त असेल ते शुल्क भरावं लागतं आणि ते जिंकणाऱ्याला परत मिळतं. म्हणजे इथेही शेवटी क्लायंटच्या गप्प बसण्याचा फायदा मिळतो, पण तो फ्रीलान्सरने घड्याळ हाताने सुरू केल्यावरच. अपवर्कवरून इथे आलेले लोक महिनोन् महिने वाट बघत राहतात, ते याच गैरसमजातून.

आता मौनाची दुसरी बाजू. ती कमी लोकांना माहीत असते आणि जास्त महागात पडते. अपवर्कवर क्लायंट करार संपवताना एस्क्रोतल्या पैशांचा परतावा मागू शकतो. ती मागणी आल्यावर फ्रीलान्सरकडे सात दिवस असतात. सात दिवस तो गप्प राहिला, तर पैसे क्लायंटकडे परत जातात. गणपतीत गावी गेलेला, नेटवर्क नसलेला किंवा नोटिफिकेशन ईमेलच्या ‘प्रमोशन’ विभागात जाऊन पडलेला माणूस असे पैसे गमावतो, काम पूर्ण करूनही. म्हणून क्लायंट दोन आठवडे गप्प आहे, तर आपणही गप्प बसू, मुदत संपली की पैसे येतीलच, असा हिशेब धोक्याचा आहे. त्या दोन आठवड्यांत खातं रोज उघडून बघावंच लागतं. आणि परताव्याची मागणी आलीच, तर तिला नकार देण्यात उद्धटपणा काही नाही. नकार दिला नाही, तर मौन तुमच्या विरुद्ध मोजलं जातं.

मुदत संपूनही पैसे सुटले नाहीत अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा घड्याळ सुरूच झालेलं नसतं किंवा मध्येच थांबलेलं असतं आणि फ्रीलान्सरच्या ते ध्यानात आलेलं नसतं. चॅटमध्ये काम देण्याचा प्रकार वर सांगितला. त्याच्या खालोखाल सर्रास आढळतो तो पैसेच न भरलेला टप्पा. करारात तीन टप्पे दिसतात, पण एस्क्रोत पहिल्याचेच पैसे असतात. दुसऱ्या टप्प्याचं काम सादर केलं, तर तिथे सोडायला रक्कमच नाही, मग मुदत कितीही उलटो. कामाला हात घालण्याआधी त्या टप्प्यासमोर ‘फंडेड’ असं लिहिलंय का ते बघणं, एवढाच त्यावर उपाय. मला तर वाटतं, याला सपोर्टने उत्तर द्यावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. नसलेले पैसे कुणी कसे सोडणार?

त्याहून त्रासाचं प्रकरण म्हणजे ‘बदल हवेत’ हे बटण. बारा दिवस गप्प बसलेला क्लायंट तेराव्या दिवशी उगवतो आणि एका ओळीत लिहितो, ‘लोगो जरा मोठा करा.’ एवढ्याने घड्याळ थांबतं आणि पुन्हा सादर केल्यावर चौदा दिवस पहिल्यापासून सुरू होतात. काही क्लायंट हे जाणूनबुजून करतात, पण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तो आळस असतो. प्लॅटफॉर्मचं आठवणीचं ईमेल आलं की दिसेल ते बटण दाबलं जातं. अशा वेळी चिडून सपोर्टकडे धावण्यात अर्थ नसतो, कारण क्लायंट आता गप्प राहिलेला नाही, त्याने उत्तर दिलंय. बदल छोटा असेल तर तासाभरात करून त्याच टप्प्यावर, बटणातूनच, पुन्हा सादर करायचा आणि सोबत लिहायचं की मागितलेला बदल केलाय, यापलीकडे काही बाकी नाही. हे वाक्य क्लायंटसाठी नाही. उद्या वाद झाला, तर वाचणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी आहे.

आणि शेवटी असतात ते प्लॅटफॉर्मनेच थांबवलेले पैसे. क्लायंटचं कार्ड संशयास्पद वाटलं, त्याची ओळख तपासायची राहिली, त्याचं खातं तात्पुरतं बंद केलं, की स्वयंचलित सुटका अडकते. क्लायंट गप्प का आहे याचं उत्तर कधी कधी हेच असतं : त्याला लॉगिनच करता येत नाही. यात फ्रीलान्सरचा काहीही दोष नसतो आणि पडद्यावर कारणही दिसत नाही. सपोर्टला पत्र लिहायची वेळ खरी इथे येते.

माझ्या मैत्रिणीवरही तीच आली. १९ मार्चला रात्री दहाच्या सुमारास तिने काम बटणातून सादर केलं. २ एप्रिलची रात्र गेली, पैसे तिथेच. तिने ४ एप्रिलपर्यंत थांबायचं ठरवलं. ते शहाणपणाचंही होतं, कारण प्लॅटफॉर्मचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि चौदाव्या दिवशी सकाळीच तक्रार केली की ‘मुदत अजून संपलेली नाही’ असं ठरीव उत्तर येऊन प्रकरण बंद होतं. ४ तारखेला तिने दुसरं पत्र लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत असं :

‘कॉन्ट्रॅक्ट क्रमांक वर दिला आहे. माइलस्टोन दुसरा, “सहा चित्रं, अंतिम फाइल”. रक्कम ६४० डॉलर, एस्क्रोत पूर्ण भरलेली. काम १९ मार्चला १६:३२ यूटीसी वाजता “सबमिट” बटणातून सादर केलं. त्यानंतर क्लायंटने मंजुरी दिलेली नाही, बदल मागितलेला नाही, परतावा मागितलेला नाही, वाद नोंदवलेला नाही. चौदा दिवसांची मुदत २ एप्रिलला १६:३२ वाजता संपली. आज ४ एप्रिल, रक्कम अजून एस्क्रोत दिसते. एस्क्रो सूचनांनुसार ती सोडावी. काही कारणाने ती थांबवली असेल, तर ते कारण आणि ती कधी सुटेल ते कळवावं. सादर केल्याच्या नोंदीचा आणि टप्प्याच्या सद्य स्थितीचा स्क्रीनशॉट जोडला आहे.’

पहिल्या आणि या पत्रात फरक लांबीचा नाही. पहिल्या पत्रात ती न्याय मागत होती, आणि सपोर्टच्या टेबलावर बसलेल्या माणसाला न्याय द्यायचा अधिकारच नसतो. दुसऱ्यात तिने अट पुरी झाल्याचं दाखवलं. कुठल्या चार गोष्टी घडलेल्या नाहीत हे सांगणारं वाक्य त्यातलं सगळ्यात कामाचं, कारण सपोर्टचा माणूस नोंदी उघडून नेमक्या त्याच चार गोष्टी शोधतो. त्या नाहीत हे त्याला दोन मिनिटांत पटतं. चित्रं किती सुंदर झाली, क्लायंट आधी किती खूश होता, यातलं काही लागत नाही. उलट ‘त्याने अंगठा दाखवला होता’ असं लिहिलं की मामला मौनाचा न राहता मंजुरीचा होतो, आणि मग त्या अंगठ्याचा अर्थ काय यावर चर्चा सुरू होते. मौनावर उभं राहायचं असेल तर फक्त मौनावर उभं राहावं.

अट पुरी असूनही सपोर्टने पैसे सोडले नाहीत, तर पुढची पायरी प्लॅटफॉर्मच्या वाद प्रक्रियेची. तिलाही मुदत असते. ती पहिल्या तक्रारीच्या दिवशीच वाचून ठेवावी, सपोर्टशी पत्रापत्री करण्यात ती संपून जाते. मध्यस्थाचं मत बहुधा बंधनकारक नसतं. बंधनकारक असतो तो लवाद, आणि फ्रीलान्सर डॉट कॉमसारखा अपवाद सोडला तर त्याचं शुल्क लहान रकमेला परवडत नाही. दोनशे डॉलरसाठी लवादाकडे जाणारा फ्रीलान्सर मी अजून पाहिलेला नाही.

प्लॅटफॉर्मच्या बाहेर काय? क्लायंट भारतातला असेल तर वर सांगितलेला २००६ चा कायदा खरोखर उपयोगी आहे आणि आपले फ्रीलान्सर तो फार कमी वापरतात. एकट्या माणसाचा व्यवसायही ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. नोंदणी काम देण्याच्या आधीची असलेली बरी, नाहीतर पुढे वाद होतो. स्वीकृतीपासून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे देणं खरेदीदाराला बंधनकारक आहे. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे जाते आणि परिषदेने नव्वद दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पण पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या लेखा विभागाला मानीव स्वीकृतीची तारीख टाकून आणि उद्यम क्रमांकासह पत्र गेलं की गाडी हलते, असा अनुभव पुष्कळांचा आहे. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकर कायद्यात आलेला नियमही त्याला हातभार लावतो : सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. सनदी लेखापाल तेवढ्यासाठी तरी फोन उचलतो.

टोरोंटोच्या चहावाल्यावर हा कायदा चालवायला साताऱ्यातून कुणी जाणार नाही. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सरांच्या थकबाकीसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि करारात तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायला तो सांगतो, पण परदेशात बसून तो वापरणं म्हणजे तिथला वकील आला. म्हणून परदेशी क्लायंटच्या बाबतीत एस्क्रो हाच व्यवहारातला एकमेव दिलासा आहे आणि त्याचे नियम तोंडपाठ असायला हवेत, ते यासाठी.

सुटलेल्या पैशांबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली. एस्क्रोतून सुटले म्हणजे बँकेत आले असं नाही. मधली सुरक्षा मुदत ठेवलेली असते, त्याचं एक कारण क्लायंटचं कार्ड. कार्डधारक आपल्या बँकेकडे जाऊन व्यवहार उलटवायला सांगू शकतो आणि ते काही महिन्यांनीही होऊ शकतं. म्हणून पैसे आल्यावरही सादरीकरणाच्या नोंदी आणि चॅट उतरवून स्वतःकडे ठेवाव्यात. करार बंद झाल्यावर त्या सहज सापडतीलच असं नाही.

मैत्रिणीला ८ एप्रिलला उत्तर आलं. क्लायंटच्या खात्याची ओळख-तपासणी बाकी होती, म्हणून स्वयंचलित सुटका थांबली होती. नोंदी पाहून रक्कम सोडली आहे. पाच दिवसांनी, १३ तारखेला, ती काढण्यासाठी मोकळी झाली. त्यानंतर आठवड्याभराने चहावाला परत आला. प्रवासात होतो, खातं अडकलं होतं, चित्रं झकास आहेत. तिसरा टप्पा कधी सुरू करतेस, असं त्याने विचारलं. तिने उत्तर दिलं, ‘फंडेड दिसलं की.’ त्याने त्याच संध्याकाळी पैसे भरले. आता ती फाइल आधी बटणातून देते आणि मग चॅटमध्ये लिहिते, ‘दिलंय.’